भाव, भावेश, दृष्टी आणि दशा एकत्र कशा वाचायच्या: एक पत्रिका सोडवून

प्रश्न: ग्रह, स्थानं, दृष्टी, दशा हे सगळं सुटं सुटं कळतं. पण पत्रिका समोर आली की दहा वाक्यं दहा दिशांना जातात. यातून एक सलग फलित कसं काढायचं? टप्प्याटप्प्याने सांगाल का?

अख्खी पत्रिका एकदम वाचायला घेऊ नका. आधी एकच विषय ठरवा, त्याचं स्थान बघा आणि त्या स्थानाच्या मालकाच्या मागे जा. तो जिथे बसलाय, ज्याच्या राशीत बसलाय आणि ज्याच्या दृष्टीत आहे, तेवढंच आधी वाचायचं. एक पत्रिका करून दाखवतो. ती अभ्यासासाठी मांडलेली आहे, कुणा व्यक्तीची नाही.

कर्क लग्न. चतुर्थात तुळेचा गुरू, षष्ठात धनूचा चंद्र, अष्टमात राहू, दशमात मेषेचे बुध आणि शनी, लाभात वृषभेचा रवी, व्ययात मिथुनेचे मंगळ आणि शुक्र, धनस्थानी केतू. विषय घेऊ नोकरी-व्यवसाय.

नवशिक्याची नजर थेट दशमातल्या शनीवर जाते. मेषेत शनी नीच, म्हणजे करिअर वाया, असं म्हणून तो मोकळा होतो. इथे थांबू नका. दशमात मेष, तिचा मालक मंगळ, आणि तो गेलाय व्ययात, मिथुनेत. मिथुनेचा मालक बुध, आणि तो बसलाय मेषेत, दशमात. म्हणजे दशमेश आणि व्ययेश एकमेकांच्या घरी आहेत. हा परिवर्तन योग आहे आणि या पत्रिकेतल्या नोकरीच्या विषयाची किल्ली इथेच आहे. दोन स्थानं अशी बांधली गेली की त्यांचं फलित वेगवेगळं सांगता येत नाही. व्ययस्थान म्हणजे घरापासून लांबचा प्रदेश, परदेश, रुग्णालयं, बंदिस्त मोठ्या संस्था, खर्च. तेव्हा या माणसाचं काम यांतल्याच कशात तरी आहे.

आता चंद्र. तो लग्नेश, म्हणजे खुद्द जातक, आणि तो षष्ठात आहे. षष्ठ हे चाकरीचं, रोगाचं आणि स्पर्धेचं स्थान. व्ययातला मंगळ सातव्या दृष्टीने या चंद्राला बघतो. दशम, व्यय आणि षष्ठ या तीन स्थानांची साखळी तयार झाली. स्वतंत्र धंद्यापेक्षा मोठ्या संस्थेतली नोकरी, लांबच्या ठिकाणी, रुग्णसेवेसारखं किंवा सतत झगडावं लागणारं काम, इथवर मी जाईन. हुद्दा किंवा नेमकी शाखा सांगायला जाणार नाही. पत्रिका क्षेत्र दाखवते, नेमणुकीचं पत्र नाही. पुढचं जातकाला विचारावं, त्यात कमीपणा नाही.

निष्कर्ष एकाच जागेवरून आला असेल तर मी त्यावर विसंबत नाही, म्हणून चंद्रापासूनही तपासतो. धनूपासून दशम कन्या, तिचा मालक पुन्हा बुधच, तोच मेषेतला, शनीबरोबरचा. दोन्हीकडून एकच ग्रह आला की धागा पक्का धरायचा. दुसरीकडून वेगळंच काही आलं असतं, तर वर लिहिलेलं निम्म्या आवाजात सांगितलं असतं.

मग दृष्टी. गुरू चतुर्थातून सातव्या दृष्टीने दशम बघतो आणि नवव्या दृष्टीने व्ययस्थान. परिवर्तनाची दोन्ही टोकं भाग्येशाच्या नजरेत आली. पण शनीचंही तसंच आहे. तो दशमात स्वतः बसलाय आणि तिसऱ्या दृष्टीने व्ययातल्या मंगळाला बघतोय. (मेषेचा मालक मंगळ चंद्रापासून केंद्रात असल्याने शनीचा नीचभंग होतो. त्याने धार कमी होते, स्वभाव बदलत नाही.)

इथेच बहुतेकांचं फलित फाटतं. गुरू म्हणतो मिळेल, शनी म्हणतो अडेल, आणि वाचणारा दोघांची बेरीज करून ‘मध्यम फळ’ असं लिहून टाकतो. ती बेरीज कधीच करू नका. दोन्ही विधानं खरी असतात, फक्त त्यांची वेळ वेगळी असते, आणि ती वेळ दशा सांगते.

चंद्र धनूच्या २० अंशांवर आहे असं धरू. पूर्वाषाढा १३ अंश २० कलांपासून २६ अंश ४० कलांपर्यंत, म्हणजे बरोबर निम्मं नक्षत्र शिल्लक. शुक्राच्या २० वर्षांतली १० उरली. मग रवी ६, वय १६. चंद्र १०, वय २६. त्यानंतर मंगळ ७ वर्षं, वय ३३ पर्यंत. ऐन कामधंद्याच्या वयात दशमेशाचीच महादशा आली.

षष्ठातल्या चंद्राची दशा १६ ते २६: शिक्षण, स्पर्धा परीक्षा, कष्टाची पहिली नोकरी. मंगळाची सुरुवात मंगळ-राहूत हलवाहलवीची, कारण राहू अष्टमात आणि त्याचा राशिस्वामी शनी दशमात. गुरूची अंतर्दशा साधारण २७ वर्षं ५ महिन्यांपासून २८ वर्षं ४ महिन्यांपर्यंत. गुरू मंगळापासून पाचवा आहे आणि दोन्ही टोकं बघतो, म्हणून लांबच्या ठिकाणची चांगली संधी मी इथे ठेवेन. लगेच शनीची अंतर्दशा, साडेएकोणतीस वर्षांपर्यंत. शनीची एक फेरी साधारण तेवढ्याच वर्षांची असल्याने गोचरीचा शनीही याच सुमारास मेषेत, दशमात परततो. तेव्हा त्याच नोकरीत कामाचा बोजा, रखडलेली बढती, वरिष्ठांचा काच. सलग वाचलं तर असं: मेहनतीने तयारी, घरापासून दूर मोठ्या संस्थेत प्रवेश, आणि पाठोपाठ जबाबदारीचं ओझं. गुरू आणि शनी दोघंही आपापल्या वेळी बोलले, कुणालाही गप्प करावं लागलं नाही.

गोचर शेवटी बघायचं आणि दशेने दाखवलेल्या चौकटीतच. दशेत नसलेली घटना निव्वळ गोचरीवरून सांगितली की फलित हमखास भरकटतं.

भविष्य सांगण्याआधी मागचं तपासा. या पत्रिकेत दहाव्या वर्षापर्यंत शुक्र आहे. तो चतुर्थेश आणि व्ययात बसलेला, म्हणून लहानपणी घर किंवा गाव बदललं का, हे आधी विचारा. ‘नाही, एकाच घरात वाढलो’ असं उत्तर आलं तर पुढे जाऊ नका, जन्मवेळेवर संशय घ्या. चंद्र तासाला अर्ध्या अंशाहून थोडा जास्त सरकतो. शुक्राच्या नक्षत्रात तेवढ्याने दशेचं गणित जवळजवळ १० महिन्यांनी हलतं, आणि वरची गुरूची अंतर्दशा अकरा महिन्यांचीच आहे. एका तासाची चूक असली तर संधी आणि ओझं यांची अदलाबदल होऊ शकते. लग्न साधारण दोन तासांत बदलतं, त्यामुळे चूक त्याहून मोठी असेल तर स्थानांचे मालकच बदलतात आणि वर लिहिलेली सगळी साखळी नव्याने लावावी लागते.