महिन्याला ४ टक्के वाढ, मग वर्षाला किती?

प्रश्न: मी घरगुती मसाले ऑनलाइन विकते. विक्री दर महिन्याला साधारण ४ टक्क्यांनी वाढते आहे. बँकेच्या कर्जाच्या अर्जात वार्षिक वाढ लिहायची आहे. ४ गुणिले १२ म्हणजे ४८ टक्के लिहू का? एक्सेलमध्ये कसं काढतात तेही सांगा.

उत्तर:

४८ लिहू नका. दर महिन्याला खरोखर ४ टक्के वाढ होत असेल, तर वर्षाची वाढ ६०.१ टक्के होते. पण तुमच्या प्रश्नातला ‘साधारण’ हा शब्द आणि बँकेचा अर्ज, या दोन गोष्टींमुळे ६०.१ सुद्धा तसाच उतरवून देणं बरोबर ठरेल असं नाही. आधी हिशेब सांगतो, मग त्या दोन गोष्टींकडे येतो.

समजा गेल्या मार्चमध्ये विक्री १,००,००० रुपये होती. एप्रिलमध्ये ती १,०४,००० झाली. मे महिन्यातले ४ टक्के आता १,००,००० वर नाही, तर १,०४,००० वर मोजले जातात, म्हणून मेची विक्री १,०८,१६० होते. असं करत या मार्चला आकडा १,६०,१०३ वर पोचतो. टक्केवारी प्रत्येक महिन्यात तीच असली, तरी पहिल्या महिन्यात ४,००० रुपयांची भर पडली आणि बाराव्या महिन्यात ६,१५८ रुपयांची. ४ गुणिले १२ करताना आपण सगळ्याच महिन्यांत ४,००० ची भर धरतो आणि तिथेच १२ टक्के हिशेबातून निसटतात.

म्हणून इथे टक्के मिळवायचे नसतात, गुणक गुणायचा असतो. ४ टक्के वाढीचा गुणक १.०४. त्याचा बारावा घात काढायचा, त्यातून १ वजा करायचा आणि १०० ने गुणायचं. एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये:

```
=(1+4%)^12-1
```

उत्तर 0.601032 येईल. त्या चौकटीला टक्केवारीचं फॉर्मॅट दिलं की 60.10% दिसेल. या सूत्रात दोन चुका वारंवार होतात. 4 पुढचं टक्क्याचं चिन्ह राहिलं, तर ५ चा बारावा घात निघतो आणि उत्तर चोवीस कोटींच्या पुढे जातं. ही चूक लगेच लक्षात येते. दुसरी चूक लपून राहते: शेवटचा -1 राहिला, तर १६० टक्के दिसतात. विक्री आधीच्या १६० टक्के झाली हे खरं, पण ती १६० टक्क्यांनी वाढली हे खोटं. अर्जात असा आकडा गेला तर तपासणारा अधिकारी पुढचे सगळेच आकडे संशयाने वाचेल.

साध्या कॅल्क्युलेटरवरही हे जमतं. 1.04 दाबा, गुणाकाराचं बटण दाबा आणि मग बरोबरचं बटण ११ वेळा दाबा. पहिल्या दाबाला 1.0816 दिसलं पाहिजे. काही यंत्रांवर त्यासाठी गुणाकाराचं बटण लागोपाठ दोनदा दाबावं लागतं. ११ का, तर पहिल्याच दाबाला दुसरा घात तयार होतो.

विक्री घटत असेल तर गुणक एकाहून लहान होतो. दरमहा ४ टक्के घट म्हणजे ०.९६ चा बारावा घात, म्हणजे वर्षाला ३८.७ टक्के घट. इथे ४ गुणिले १२ केलं तर उलट नुकसान फुगून दिसतं.

मग बाराने गुणणं कुठेच बरोबर नसतं का? असतं. शेकडा दोन रुपये महिना अशा व्याजाने पैसे घेतले, व्याज दर महिन्याला चुकतं केलं आणि मुद्दल तेवढंच राहिलं, तर वर्षाचं व्याज शेकडा २४ रुपयेच होतं, कारण व्याजावर व्याज चढत नाही. तेच व्याज थकलं आणि मुद्दलात मिळवलं गेलं की २६.८ टक्के. विक्रीच्या वाढीत दर महिन्याचा पाया बदलतोच, त्यामुळे तिथे बाराने गुणायचा प्रश्न येत नाही.

आता ‘साधारण ४’ कडे येऊ. बारावा घात लहानसा फरकही मोठा करतो. खरा दर ३.५ टक्के असेल तर वार्षिक वाढ ५१.१ टक्के येते आणि ४.५ असेल तर ६९.६. दोन्ही दर बोलताना ‘साधारण चार’ म्हणूनच सांगितले जातात, पण वर्षाच्या आकड्यात साडेअठरा टक्क्यांचं अंतर पडतं. म्हणून पूर्णांकात केलेल्या टक्क्यावरून वार्षिक दर काढू नका. थेट विक्रीच्या रुपयांवरून काढा.

बारा महिन्यांच्या वेगवेगळ्या टक्क्यांची सरासरी घेऊन तिचा घात काढणंही टाळा. समजा सहा महिने १२ टक्के वाढ झाली आणि सहा महिने ४ टक्के घट. सरासरी बरोबर ४ येते, म्हणजे वर्षाला ६०.१ टक्के असं वाटेल. प्रत्यक्षात १.१२ चा सहावा घात गुणिले ०.९६ चा सहावा घात केला, तर १.५४५ येतात. खरी वाढ ५४.५ टक्के. चढउतार जितके जास्त, तितकी साधी सरासरी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, आणि मसाल्याच्या धंद्यात चढउतार असणारच.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे या मार्चच्या विक्रीला गेल्या मार्चच्या विक्रीने भागायचं आणि १ वजा करायचा. मधले महिने कसे गेले याने काही बिघडत नाही. फक्त महिने मोजताना घोटाळा होतो तो सांभाळा. जानेवारी ते डिसेंबर हे बारा महिने असले, तरी त्यांच्यात वाढीच्या पायऱ्या अकराच असतात. डिसेंबरला जानेवारीने भागलं तर ४ टक्क्यांच्या वाढीतही ५३.९ टक्केच दिसतील. बारा पायऱ्यांसाठी तेरा महिन्यांचे आकडे लागतात.

तेवढा काळ झाला नसेल, तर जितक्या पायऱ्या आहेत त्या हिशेबाने घात बदलतो. उदाहरणार्थ B1 ते B7 मध्ये सात महिन्यांची विक्री आहे, सुरुवातीला ९०,००० आणि शेवटी १,१२,५००. पायऱ्या सहा, म्हणून घात १२ भागिले ६:

```
=(B7/B1)^(12/6)-1
```

भागाकार १.२५, त्याचा वर्ग १.५६२५, म्हणजे वार्षिक ५६.२५ टक्के दर. पण हा दर ‘पुढचे सहा महिने असेच गेले तर’ या अटीवर आहे. झालेली वाढ २५ टक्केच आहे, आणि अर्जात तसं स्पष्ट लिहावं.

ही अट किती जड असते ते अर्जेंटिनाच्या महागाईवरून कळतं. डिसेंबर २०२३ मध्ये तिथले ग्राहक दर एका महिन्यात २५.५ टक्क्यांनी वाढले. त्या एका महिन्याचा बारावा घात काढला तर वर्षाला १,४०० टक्क्यांच्या वर आकडा जातो. डिसेंबर ते डिसेंबर मोजलेली खरी महागाई मात्र २११.४ टक्के होती. पुढच्या डिसेंबरात उलटं झालं: त्या महिन्याची वाढ २.७ टक्के, तिचा वार्षिक दर सुमारे ३७.७, आणि प्रत्यक्ष वर्षाची महागाई ११७.८ टक्के. गणित दोन्ही वेळा बरोबरच आहे. एका महिन्याचा वेग आणि सरलेलं वर्ष या दोन निराळ्या गोष्टी आहेत, इतकंच. तुमच्या बाबतीत एप्रिल-मेमध्ये घरोघरी वर्षाचा मसाला भरला जातो. मार्चवरून एप्रिलची वाढ घेऊन वर्षाचा दर काढाल तर तो अवास्तव येईल आणि जूनवरून काढाल तर उणे येईल. मार्चची तुलना मार्चशी केली की हंगामाचा हा परिणाम बराचसा वजा होतो.

बँकेच्या अर्जाबाबतचा मुद्दा सहसा लक्षात येत नाही, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. बँक बहुधा एका महिन्याची विक्री दुसऱ्या महिन्याशी ताडून पाहत नाही. ती एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाची एकूण उलाढाल आधीच्या वर्षाच्या उलाढालीशी ताडते, आणि ती टक्केवारी ६०.१ येईलच असं नाही. समजा गेल्या वर्षी दर महिन्याला १ लाखाचीच विक्री होती, एकूण १२,००,०००. यंदा एप्रिलपासून दरमहा ४ टक्के वाढ सुरू झाली. मार्चची विक्री १,६०,१०३ वर गेली, पण बारा महिन्यांची बेरीज होते १५,६२,६८४. उलाढालीची वाढ ३०.२ टक्केच. कारण वर्षाच्या सुरुवातीचे महिने अजून लाखाच्या जवळच होते. हाच वेग पुढच्या वर्षीही टिकला, तर पुढची बेरीज सुमारे २५ लाख होईल आणि तेव्हा उलाढाल ६०.१ टक्क्यांनी वाढलेली दिसेल. वेग तोच, पण एका वर्षी तीस आणि दुसऱ्या वर्षी साठ.

तेव्हा अर्जातल्या रकान्यात ‘वार्षिक उलाढाल’ असं असेल तर दोन्ही वर्षांच्या बेरजा घेऊन टक्केवारी काढा. ती तुमच्या जीएसटी विवरणपत्राशी किंवा बँक खात्यातल्या जमेशी जुळायला हवी. महिन्याच्या वेगाबद्दल सांगायचं असेल, तर शेजारी ‘मार्चच्या तुलनेत मार्च’ असं लिहून तो वेगळा आकडा द्या.

पुढच्या वर्षाचा अंदाजही मागतील. तिथे उलटा हिशेब लागतो: वर्षाचं उद्दिष्ट ठरवून महिन्याला किती वाढ हवी ते काढायचं. भागिले १२ इथेही चालत नाही, बारावं मूळ काढावं लागतं:

```
=(1+48%)^(1/12)-1
```

याचं उत्तर 3.32% येतं. मार्च ते मार्च ४८ टक्के वाढ गाठायला महिन्याला ४ नाही, ३.३२ टक्के पुरतात. १ लाखाच्या विक्रीवर पहिल्या महिन्यात ४,००० ऐवजी ३,३२० रुपयांची जादा विक्री, आणि तेवढ्यासाठी लागणारी मिरची, धणे आणि पाकिटं यांचाच खर्च खेळत्या भांडवलात धरा.