घरची वैरण फुकट नसते: आठ गायींच्या वहीचा महिन्याचा हिशेब

प्रश्न: आठ संकरित गायी आहेत. महिनाअखेर वहीवरून एफसीआर, म्हणजे चारा आणि दूध यांचं प्रमाण, आणि लिटरमागचा खर्च काढतो. एका महिन्यात लिटरला २३ रुपये येतो, पुढच्या महिन्यात ११. चारापाणी तेच आहे. चुकतंय कुठं आणि चांगला एफसीआर किती धरायचा?

उत्तर:

चूक बहुतेक पेंडीच्या रकान्यात आहे. खरी दुखरी जागा मात्र वैरणीच्या रकान्यात असते, आणि तो रकाना तुमच्या वहीत नसणारच. करवीर, कागल, राधानगरीकडच्या गोठ्यांच्या वह्या मी बघत आलोय. शंभरातल्या नव्वद वह्यांत हिरव्या वैरणीपुढं काहीच लिहिलेलं नसतं. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "ती काय, घरचीच हाय की."

आठ गायींच्याच एका वहीवर हिशेब करून दाखवतो. सहा गायी दुधात, दोन भाकड-गाभण आणि दोन वाढत्या कालवडी. महिना तीस दिवसांचा. भाव त्या वहीतले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

वहीत खर्च असा होता. गोळी पेंड २४ पोती, १,६०० रुपयांनी ३८,४००. मिनरल मिक्श्चर १,२००, डॉक्टर-औषधं ३,०००, लाईट १,०००. एकूण ४३,६००. दूध संस्थेला दूध गेलं १,८६० लिटर. भागाकार केला, २३ रुपये ४४ पैसे. सरासरी दर मिळाला होता ३४.५०, म्हणजे लिटरमागं ११ रुपये सुटले अशी समजूत.

आता पेंड बघू. महिन्याच्या पहिल्या तारखेला गोठ्यात ६ पोती शिल्लक होती आणि शेवटच्या दिवशी १०. म्हणजे वापरलेली पोती २४ नाहीत.

```
वापर = सुरुवातीची शिल्लक + खरेदी − शेवटची शिल्लक
     = ६ + २४ − १० = २० पोती
```

वीस पोती म्हणजे १,००० किलो आणि ३२,००० रुपये. याची उलटतपासणी रोजच्या मापावरून करायची. दुधातल्या सहा गायींना साडेचार किलोप्रमाणं २७ किलो, भाकड दोघींना दीड-दीड, कालवडींना दीड-दीड, मिळून रोजचे ३३ आणि महिन्याचे ९९० किलो. दहा किलोचा फरक सांडलवंडीत जातो. हाच फरक शंभर किलोवर गेला तर एक तर मापाचं घमेलं शिगेनं भरलं जातंय किंवा पोत्यात पन्नास किलो भरत नाहीत. घमेलं एकदा काट्यावर ठेवून बघा. पेंडीचा ब्रँड बदलला की त्याच घमेल्यात भरणारं वजनही बदलतं.

पुढच्या महिन्यात याच माणसानं फक्त १० पोती आणली, कारण १० शिल्लक होती. दूध तेवढंच, गायींच्या पोटात गेलेली पेंडही तेवढीच. वहीतला खर्च मात्र २१,२०० वर आला आणि लिटरला ११ रुपये ४० पैसे निघाले. तुमचे २३ आणि ११ असेच आलेत. गोठ्यात काही बदललेलं नाही, फक्त पोती आणण्याची तारीख बदलली.

दुसरी चूक भागाकाराच्या खालच्या आकड्यात आहे. १,८६० लिटर हे विकलेलं दूध. घरात रोज दोन लिटर ठेवलं त्याचे ६०, एका वासराला चार लिटर पाजलं त्याचे १२०. गायींनी दूध दिलं २,०४० लिटर. खर्च सगळ्या दुधाचा करायचा आणि भागायचं फक्त संस्थेच्या पावतीनं, हे जमत नाही. पावतीबरोबर धारेच्या वेळी बादलीचं मापही लिहा.

आता वैरण. गोठ्यात रोज २२४ किलो हत्ती गवत पडत होतं (मोठ्या जनावराला २५, कालवडीला १२) आणि कडबा ३६ किलो. महिन्याचं गवत ६,७२० किलो. उभ्या गवताचा गावातला भाव किलोला ३ रुपये होता, म्हणजे २०,१६०. कडबा १,०८० किलो, ८ रुपयांनी ८,६४०. कडब्याची गाडी उन्हाळ्याच्या तोंडाला एकदम घेतलेली असते, म्हणून या महिन्याच्या वहीत त्याचा पैसाही दिसत नाही. तरी तो खाल्ला गेलाच आहे.

"घरचीच हाय" म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, शेजाऱ्यानं तेच गवत मागितलं तर फुकट द्याल का? त्याच गुंठ्यांत ऊस असता तर कारखान्याचं बिल आलं असतं ना? वैरणीचा भाव शून्य धरला की गोठा नफ्यात दिसतो आणि शेत तोट्यात. मग सगळे मिळून रानाला दोष देतात. उसाचं वाडंही फुकट धरू नका. हंगामात तोडकऱ्यांकडून मोळ्या विकत घ्याव्या लागतात हे तुम्हाला माहीतच आहे.

सगळं मांडलं तर पेंड ३२,०००, गवत २०,१६०, कडबा ८,६४०, मिनरल, डॉक्टर आणि लाईट मिळून ५,२००. बेरीज ६६,०००. शेणखताची एक ट्रॉली ३,००० ची, ती वजा करा. राहिले ६३,०००, भागिले २,०४० लिटर, म्हणजे ३० रुपये ८८ पैसे. दर ३४.५० मिळाला, तर हातात राहिले ३ रुपये ६२ पैसे. यात घरच्यांची मजुरी अजून धरलेली नाही. रोजचे पाच तास, तासाला ६० रुपये धरले तर महिन्याचे ९,०००, लिटरला ४ रुपये ४१ पैसे. मजुरी धरली की खर्च ३५.२९ होतो आणि गोठा लिटरमागं ७९ पैसे तोट्यात जातो. जिथं ११ रुपये सुटतात असं वाटत होतं, तिथं ही स्थिती.

कालवडींचा चारा यात धरलाय, म्हणून गायींचा घसारा वेगळा धरलेला नाही. म्हाताऱ्या गाईच्या जागी घरचीच कालवड येणार असेल तर तिचं खाणं हाच घसारा. दोन्ही लावलं तर खर्च दुप्पट मोजला जातो. गायी बाहेरून विकत आणत असाल तर उलटं करा, घसारा धरा.

आता तुमच्या एफसीआरकडं येतो. कोंबडीचा एफसीआर काढतात तसा इथं ओल्या वजनावर काढला तर आकडा फसवतो. या गोठ्यात दुधातली गाय २५ किलो गवत, ४ किलो कडबा आणि साडेचार किलो पेंड खाते, एकूण साडेतेहतीस किलो. दूध ११.३३ लिटर, म्हणजे लिटरला जवळपास २.९६ किलो चारा. उसाचा हंगाम सुरू झाला, गवताऐवजी वाडं आलं. वाड्यात पाणी कमी, कोरडा भाग समजा २८ टक्के. पाच किलो कोरडा भाग द्यायला गवत २५ किलो लागत होतं, वाडं १८ किलोतच पुरलं. आकडा २.३४ वर उतरला आणि मालक खूश. गाईच्या पोटात कोरडा चारा तेवढाच गेलाय. वर वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. नुसतं वाडंच घातलं आणि मिनरल मिक्श्चरकडं दुर्लक्ष केलं तर त्याची किंमत पुढं मोजावी लागते.

म्हणून कोरड्या वजनावरच काढा. गवताचा २० टक्के, कडब्याचा आणि पेंडीचा ९० टक्के धरला तर ५ + ३.६ + ४.०५ = १२.६५ किलो. दूध किलोत करायला लिटरला १.०३ नं गुणा, ११.६७ किलो. आता उलटं, दुधाला चाऱ्यानं भागायचं. भागाकार ०.९२, म्हणजे एक किलो कोरड्या चाऱ्याला ९२० ग्रॅम दूध. लक्षात ठेवा, कोंबडीत आकडा कमी तेवढा चांगला, इथं जास्त तेवढा चांगला. आपल्याकडच्या दहा-बारा लिटरच्या संकरित गाईला एकच्या आसपास ठीक. जास्त दुधाच्या, चांगल्या जपलेल्या गायी १.३ च्या वर जातात. मात्र नुकती व्यालेली गाय अंगावरची चरबी झिजवून दूध देते, तेव्हाही आकडा झकास दिसतो. बरगड्या दिसू लागल्या असतील तर त्या आकड्यावर विसंबू नका.

या भागाकारात फक्त दुधातल्या गायी घ्यायच्या, भाकड आणि कालवडी नाहीत. लिटरमागच्या खर्चात मात्र सगळा गोठा घ्यायचा. या दोन हिशेबांची सरमिसळ झाली की एका महिन्यात दोन गायी आटल्या तरी "पेंड खराब आली" असं वाटायला लागतं.

गवताचा कोरडा भाग घरी काढता येतो. कुट्टी केलेलं १०० ग्रॅम गवत कागदावर पसरून कडक उन्हात ठेवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. २२ ग्रॅम राहिलं तर कोरडा भाग साधारण २०, कारण उन्हात वाळलेल्यातही दहाएक टक्के ओल राहते. आपल्या पावसाळ्यात हे होत नाही. तेव्हा मायक्रोवेव्ह असेल तर त्यात थोडं थोडं वाळवा, शेजारी पेलाभर पाणी ठेवून, नाहीतर गवत पेटतं. वैरणीचा भारा रोज तोलायची गरज नाही. महिन्यातून तीन दिवस काट्याला लावा आणि दुसऱ्या दिवशी गव्हाणीतलं उष्टं तोलून वजा करा.

म्हशीही असतील तर त्यांचा रकाना वेगळा. सात फॅटचं दहा लिटर दूध हे चार फॅटच्या साडेचौदा लिटरएवढं पडतं, एकत्र भागाकार केला तर दोन्हीचं काही कळत नाही.

संस्थेच्या बिलाबद्दल एक राहिलं. दहा दिवसांच्या बिलातून पेंडीची कपात होते. बँकेत आलेली रक्कम उत्पन्न म्हणून लिहिली आणि पेंड पुन्हा खर्चात घातली, तर ती दोनदा वजा होते. पावतीवरची कपातीआधीची रक्कम लिहा. दिवाळीला संस्थेकडून मिळणारा दरफरक त्या एका महिन्यात घालू नका, वर्षाच्या दुधावर पसरा.

मजुरीच्या त्या पाच तासांत गवत कापणंही आलं, कारण ३ रुपये भाव उभ्या गवताचा होता. कापलेल्या भाऱ्याचा भाव लावलात तर कापणीचे तास मजुरीतून काढा. आणि तास लिहिताना घरातल्या बायकांचे तास लिहा. पहाटेची धार, शेण, गव्हाण, वासराला पाजणं हे बहुतेक त्याच करतात, आणि वहीत त्यांचा रकाना वैरणीसारखाच रिकामा असतो.