नव्या कॅमेऱ्यावर पेटेना, जुन्यावर अर्धा फोटो काळा

प्रश्न: माझा साधा मॅन्युअल फ्लॅश कॅनन २००डी मार्क टू वर पेटतच नाही. मित्राच्या ७००डीवर पेटतो, पण मुलं नाचताना १/५०० वर काढलं की फोटोची खालची बाजू काळी येते. फ्लॅश बिघडलाय का?

नाही. आणि बॅटरी बदलायला सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. जो फ्लॅश ७००डीवर पेटतो, त्याची बॅटरी ठीक आहे.

२००डी मार्क टू चा हॉट शू, म्हणजे वर फ्लॅश बसवायची खाच, आणि ७००डीचा शेजारी ठेवून बघा. ७००डीत मधोमध एक मोठा गोल ठिपका आहे, मागे चार छोटे. तुमच्या कॅमेऱ्यात तो मोठा ठिपकाच नाही. साध्या फ्लॅशला असते ती एकच मधली पिन, आणि इथे तिला टेकायला काही नाही. मेनूत Flash firing चालू केलंत तरी तो पेटणार नाही. ग्राहकाला नीट न सांगता हा ठिपका काढणं मला साफ चुकीचं वाटतं. पैसे घालायचे नसतील तर फ्लॅशवर S2 मोड आहे का बघा. असला, तर कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश हाताने उघडा. त्याच्या उजेडाने तुमचा पेटेल. S1 नको. मुख्य उजेडाआधी कॅमेरा एक चाचणीचा झोत टाकतो आणि S1 त्यालाच फसतो.

आता काळी पट्टी. ७००डीचा सिंक स्पीड १/२०० आहे. तिथपर्यंत शटरचा पहिला पडदा पूर्ण उघडतो, क्षणभर सगळा सेन्सर मोकळा असतो आणि मगच दुसरा पडदा निघतो. १/५०० वर दुसरा आधीच निघालेला असतो. त्याने झाकलेल्या भागाला फ्लॅश मिळत नाही. एका पिनवरून कॅमेऱ्याला फ्लॅश लावलाय हेही कळत नाही, म्हणून तो स्पीड अडवत नाही. पट्टीची कड सरळ असेल तर दोष सिंकचा. सगळाच फोटो सारखा काळसर असेल तर पॉवर, आयएसओ किंवा अ‍ॅपर्चर बघा.

मुळात नाच गोठवायला १/५०० लागतच नाही, हे मी कितीही वाद घातला तरी लोकांना पटत नाही. नाच फ्लॅश गोठवतो. M मोडवर १/१६० ठेवा, फ्लॅश १/८ पॉवरवर आणा. तिथे त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी टिकतो. फुल पॉवरपेक्षा उजेड तीन स्टॉप उतरतो, तो आयएसओ १०० वरून ८०० करून भरून काढा. मग फ्लॅश न लावता एक फोटो घ्या. तो जवळपास काळा आला पाहिजे. तसा नाही आला, तर हॉलचे दिवे हातापायांना पुसट सावली जोडतील. अ‍ॅपर्चर एक-दोन स्टॉप बंद करा आणि फ्लॅश जवळ आणा.

हे उन्हात मात्र चालत नाही. तिथे हाय स्पीड सिंकवाला, म्हणजे सिंक स्पीडच्या वरही चालणारा, कॅननसाठीचाच फ्लॅश लागतो, आणि त्या मोडमध्ये त्याची ताकद बरीच घटते.