आभाराचा ईमेल: विषय आणि पहिलं वाक्य जोडीनं लिहा

प्रश्न: "आमच्या गावच्या वाचनालयाला देणगी देणाऱ्यांना आम्ही आभाराचा ईमेल पाठवतो. बरेच जण तो उघडतच नाहीत आणि आठवड्यानं फोन करून 'पैसे पोचले का?' विचारतात. विषयात काय लिहावं? सुरुवात कशी करावी?"

असा फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा मेल पोचलेला असतो, पण इनबॉक्सच्या यादीत तो आभाराचा म्हणून ओळखू आलेला नसतो. पत्ता बरोबर आहे आणि मेल स्पॅममध्ये जात नाही, हे तुम्ही पाहिलं असेलच असं धरून पुढचं लिहितो. मी मेलच्या तंत्रातला जाणकार नाही. संस्थेच्या पत्रव्यवहारात बरीच वर्षं गेली आहेत, तेवढ्याच आधारावर हे मत.

फोनवरच्या यादीत तीन गोष्टी दिसतात: पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि त्याखाली फिक्या अक्षरांत मजकुराची सुरुवात. मेल उघडायचा की नाही हे या तिन्हींवर ठरतं. आपण मात्र विषय वेगळा लिहितो आणि मजकूर वेगळा, म्हणून ती फिकी ओळ फुकट जाते. आपल्याकडे ती फुकट घालवायची खास सोय आहे. "महोदय/महोदया, सा. न. वि. वि." एवढ्यातच जागा संपते आणि देणगीदाराला विनंती विशेषच्या पुढचं काही दिसतच नाही. कागदी पत्रात हा मायना शोभतो, ईमेलमध्ये तो सगळ्यात महागडी जागा अडवून बसतो. नमस्कार जरूर करा, पण "नमस्कार सुनंदाताई," एवढाच, आणि त्याच ओळीत पुढे कामाचं वाक्य सुरू करा.

आता ज्या चुकीनं सगळ्यात जास्त नुकसान होतं तिच्याबद्दल. लेटरहेडवर छान आभारपत्र छापायचं, अध्यक्षांची सही घ्यायची, शिक्का मारायचा, स्कॅन करायचं आणि मेलला जोडायचं. मेलच्या मजकुरात एकच ओळ: "सोबत आभारपत्र जोडले आहे." विषयात फाइलचंच नाव, कधी त्याच्याआधी फॉरवर्डची खूणही. देणगीदाराला यादीत दिसतं ते एखाद्या परिपत्रकासारखं काहीतरी. साठीच्या पुढचे बरेच जण अनोळखी जोडपत्र उघडायला कचरतात, आणि फसवणुकीच्या बातम्या वाचल्यावर कचरायलाच हवं. जे उघडतात त्यांना फोनवर आडवंतिडवं पान मोठं करून वाचावं लागतं. थोडक्यात, आभार आहेत, पण जोडपत्राच्या आत कुलूपबंद.

आमच्याकडे ही पद्धत एका कार्यालयानं लादली होती. नाव घेत नाही. "रेकॉर्डला सहीचं पत्र लागतं" हे एकच उत्तर. रेकॉर्डला लागतं तर रेकॉर्डला ठेवा ना! देणगीदाराला आलेला मेल हा तुमच्या फाइलचा कागद नव्हे. मराठी विषय प्रश्नचिन्हांच्या रांगेसारखा उमटतो अशी तक्रार केली, तर "मग इंग्रजीत पाठवा" म्हणाले. असो. सहीचं पत्र जोडायला माझी हरकत नाही. फक्त आभार मेलच्या मजकुरात मानलेले असावेत आणि पत्राचा उल्लेख शेवटच्या ओळीत यावा.

एक उदाहरण पूर्ण घेऊ. समजा सुनंदाताईंनी दिवाळी अंकांसाठी 5,000 रुपये पाठवले. नेहमीचा विषय असा असतो: "आमच्या सार्वजनिक वाचनालयास आपण दिलेल्या बहुमोल देणगीबद्दल मनःपूर्वक आभार". फोनवर साधारण पहिले चार-पाच शब्द दिसतात, म्हणजे "आमच्या सार्वजनिक वाचनालयास आपण…" एवढंच. हे आभार आहेत की मदतीचं आवाहन, काय कळणार? मराठीत महत्त्वाचा शब्द शेवटी जातो आणि नेमकं शेपूटच कापलं जातं. म्हणून विषयात वाक्य पुरं करायच्या फंदात पडू नका. जी गोष्ट त्यांना ओळखीची आहे ती आधी आणि आभार लगेच मागे:

"दिवाळी अंकांसाठी आभार, सुनंदाताई"

चार शब्द. पहिल्या दोन शब्दांत त्यांना स्वतःचं काम ओळखू येतं, तिसऱ्यात हा मेल काही मागत नाही हे कळतं. नाव शेवटी आहे, ते कापलं गेलं तरी चालतं. विषयाच्या सुरुवातीला नाव टाकायचं हल्ली फॅड आहे. मला ते पटत नाही, कारण जाहिरातवालेही तेच करतात.

आता पहिलं वाक्य. विषयात जे आलं ते पुन्हा सांगायचं नाही, एक पाऊल पुढची बातमी द्यायची. अंक आले असतील तर: "नमस्कार सुनंदाताई, तुमच्या देणगीतून घेतलेले चौदा अंक सोमवारपासून वाचकांच्या हातात आहेत." अंक यायचे असतील तर थांबू नका, दोन दिवसांत मेल जाऊ द्या: "नमस्कार सुनंदाताई, तुम्ही पाठवलेले पैसे मंगळवारी खात्यात आले आणि अंकांची मागणी आजच नोंदवली." या एका वाक्यानं "पोचले का?" हा फोन बंद होतो. अंक आल्यावर दोन ओळींचा दुसरा मेल पाठवा. माझ्या मते तोच जास्त आनंदानं वाचला जातो, कारण त्याची कोणी अपेक्षा केलेली नसते.

वाक्य "तुम्ही" किंवा "तुमच्या" नं सुरू होतंय ना, एवढं बघा. "आमची संस्था गेली अनेक वर्षे…" अशी सुरुवात दिसली की वाचणारा पुढच्या परिच्छेदात मागणी शोधायला लागतो. "भविष्यातही असेच सहकार्य लाभेल ही अपेक्षा" हे वाक्य मला शेवटीसुद्धा नको वाटतं, मग सुरुवातीचं तर बोलायलाच नको. आणि "बहुमोल", "उदात्त", "दातृत्व" हे शब्द काढून टाकून वाक्य वाचा. काही बिघडलं नाही ना, मग ते शब्द भरतीचेच होते. तुम्ही म्हणायचं की आपण, हे ती व्यक्ती फोनवर तुमच्याशी कशी बोलते त्यावर ठरवा. एकाच मेलमध्ये दोन्ही मात्र नकोत. विषयात "आपल्या" आणि मजकुरात "तुम्ही" आलं की दोन माणसांनी लिहिलेलं ठिगळ लगेच दिसतं.

रक्कम विषयात लिहू नका, पहिल्या वाक्यातही नको. फोन कुलूपबंद असतानाही सूचनेत या दोन्ही गोष्टी उमटू शकतात. किती दिले हे घरात सगळ्यांना सांगितलेलं असतंच असं नाही. रक्कम तिसऱ्या-चौथ्या ओळीत, तारखेसह स्पष्ट लिहा. देणगी कोणाच्या स्मरणार्थ असेल तर "अंक आले!" असला उत्साह आवरा. विषय साधा ठेवा: "आईंच्या स्मरणार्थ दिलेली देणगी पोचली". उद्गारचिन्ह नको, फुलाचं चित्र नको. आईंचं पूर्ण नाव मजकुरात येऊ द्या, आणि पाठवण्याआधी त्याचं शुद्धलेखन देणगीदाराच्या संदेशाशी ताडून बघा. त्या नावातली वेलांटी चुकली तर बाकीचं सगळं व्यर्थ.

प्रश्नचिन्हांचा घोळ तुमच्याकडेही असेल म्हणून थोडं सांगतो. जुन्या कार्यालयांत अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. तिथून मजकूर उचलून विषयाच्या चौकटीत टाकला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण विषयाला फॉन्ट लावताच येत नाही. मराठी युनिकोडमध्येच टाइप करायला हवं. ओळखायची युक्ती सोपी: मजकूर फोनवरच्या साध्या नोंदवहीत चिकटवा. तिथे मराठीच दिसला तर युनिकोड आहे. विषयात नुसती `????` किंवा `=?UTF-8?B?` ने सुरू होणारी लांब ओळ दिसत असेल, तर बहुधा दोष तुमच्या टायपिंगचा नसून मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. ते सांभाळणाऱ्याला "विषयाचं एन्कोडिंग दुरुस्त करा" असं नेमकं सांगा. विषय इंग्रजीत करणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

आणखी एक चोर सांगतो. मेल चित्रांच्या साच्यात बनवलेला असेल तर त्या फिक्या ओळीत "हा मेल नीट दिसत नसल्यास इथे क्लिक करा" किंवा लोगोचं नाव येतं. तुमचं सुंदर पहिलं वाक्य तिथे पोचतच नाही. महिन्याला वीस-पंचवीस देणगीदार असतील तर साचा हवाच कशाला? संस्थेच्या नेहमीच्या खात्यातून साधा मजकूर, एकेकाला स्वतंत्र. पाठवणाऱ्याच्या नावात नुसतं "इन्फो" किंवा "ऑफिस" नको. गावाच्या नावासह वाचनालयाचं नाव लिहा, म्हणजे विषयात ते पुन्हा घालावं लागत नाही. ज्यावर उत्तर देता येत नाही अशा पत्त्यावरून आभार मानणं तर मला उद्धटपणाच वाटतो. पुढे कधी शेकड्यांनी पाठवायची वेळ आलीच, तर बाहेरच्या सेवेतून संस्थेचा जीमेलचा पत्ता प्रेषक म्हणून वापरू नका. असे मेल बनावट समजले जाण्याची शक्यता असते. त्यासाठी संस्थेचं स्वतःचं डोमेन घ्या आणि मेल खरंच तुमच्याकडूनच आला आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएम या नोंदी जाणकाराकडून करून घ्या.

पावतीचं काय, हा प्रश्न येईलच. पावती वेगळ्या मेलनं पाठवा. तिचा विषय रुक्ष असलेलाच बरा: "देणगी पावती", पुढे क्रमांक आणि आर्थिक वर्ष. विवरणपत्र भरताना लोक हेच शब्द टाकून शोधतात. 80जी ही देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता असलेल्या संस्थांना 1961 च्या आयकर कायद्याखाली 10बीई हे देणगीचं प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत द्यायचं असतं, तेही असंच वेगळं पाठवा आणि विषयात "10बीई" हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करा (10BE), कारण शोधणारा तसाच शोधतो. फॉर्मचे क्रमांक आणि नियम बदलत असतात, तेवढं तुमच्या सीएंना विचारून घ्या.