इंग्रजीतल्या ‘गेट’चे अर्थ कसे लक्षात ठेवायचे?

प्रश्न: ‘गेट’चे इतके अर्थ आहेत, ते पाठ कसे करायचे?

उत्तर: पाठ करू नका, ‘गेट’च्या पुढे काय आलंय ते बघा, बहुतेक वेळा अर्थ तिथेच कळतो. शिकवताना मी हीच खूण देते. पुढे वस्तू असेल तर मिळणं किंवा आणणं: ‘आय गॉट अ लेटर’. विशेषण असेल तर होणं: ‘आय अ‍ॅम टायर्ड’ म्हणजे दमलेय, ‘आय अ‍ॅम गेटिंग टायर्ड’ म्हणजे दमत चाललेय. ठिकाण असेल तर पोहोचणं: ‘गेट टू द स्टेशन’, पण ‘गेट होम’, घरासाठी मध्ये ‘टू’ येत नाही.

आपली सगळ्यात जास्त गडबड होते ती ‘करून घेणं’मध्ये. मोबाईल दुरुस्त करून घेतला, हे ‘आय गॉट माय मोबाईल रिपेअर्ड’ असं होतं. वस्तू आधी, क्रियापदाचं तिसरं रूप नंतर. ‘गॉट रिपेअर्ड माय मोबाईल’ चुकीचं. याच साच्यात केस कापून घेतले, घर रंगवून घेतलं, अशी रोजची वाक्यं बसवून बघा.

‘गेट अप’, ‘गेट ओव्हर’ यांसारख्या जोड्यांना मात्र ही खूण पुरत नाही. त्या वाक्यासकट वहीत उतरवा.