कॅलिब्रेट न केलेल्या लॅपटॉपवर हळदीचा व्हिडिओ: स्कोप बघून उजेड आणि रंग कसा ठरवायचा

प्रश्न: हळदीचा व्हिडिओ रिझॉल्व्हमध्ये ग्रेड केला. लॅपटॉपवर छान दिसतो, पण पार्टीच्या टीव्हीवर सगळे चेहरे नारिंगी आणि काळवंडलेले दिसतात. कॅलिब्रेटर आत्ता घेणं शक्य नाही. फक्त वेव्हफॉर्म आणि व्हेक्टरस्कोप बघून काम होईल का? चेहरा स्किन टोनच्या रेषेवर आणला की नवरी गुलाबी दिसते, असं का?

उत्तर:

होईल, बऱ्यापैकी. लॅपटॉपचा पडदा सहसा निळसर असतो आणि आपण त्याचा ब्राइटनेस भरपूर ठेवतो. निळेपणा डोळ्याला खटकतो म्हणून आपण चित्रात उष्णता वाढवतो, पडदा उजळ म्हणून चित्र खाली ओढतो. तीच फाइल बऱ्या टीव्हीवर गेली की नारिंगी आणि काळी. स्कोप मात्र पडदा बघत नाही, सिग्नल मोजतो. ब्राइटनेस बदलला, Night light चालू राहिला, तरी त्याचे आकडे हलत नाहीत.

आधी एक खात्री करा. टाइमलाइन रेक 709 गामा 2.4 वर आहे असं धरतो आणि स्कोपची पट्टी 0 ते 1023 ठेवा. एखाद्या क्लिपचा काळा कधीच 64 च्या खाली जात नसेल आणि पांढरा 940 च्या आसपास अडत असेल, तर दोष उजेडाचा नसून Clip Attributes मधल्या Data Levels चा असू शकतो. तिथे Video आणि Full आलटून पालटून बघा. हे चुकलं असेल तर पुढचं सगळं चुकीच्या पायावर उभं राहतं.

आता उजेड. वेव्हफॉर्म डावीकडून उजवीकडे चित्रासारखाच वाचायचा, उंची म्हणजे उजेड. पण पूर्ण फ्रेममध्ये पिवळं कापड, झेंडूच्या माळा, माणसं सगळं एकत्र येतं आणि चेहरा त्या गर्दीत सापडत नाही. म्हणून चेहऱ्याभोवती Power Window काढा आणि Shift+H दाबून Highlight चालू करा. बाकी चित्र करडं होतं आणि स्कोपवर चेहरा वेगळा ओळखू येतो. बाहेरच्या करड्या भागाची एक सपाट रेघ वेव्हफॉर्मवर राहते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. मोजून झालं की ती विंडो काढून टाका. ती राहिली तर नंतर फक्त चेहराच ग्रेड होतो आणि डोक्याभोवती वलय दिसायला लागतं.

साध्या दिवसाच्या उजेडात गव्हाळ चेहऱ्याची उजेडाकडची बाजू साधारण 520 ते 620 मध्ये ठेवतो, सावळ्या चेहऱ्याची 400 ते 520. हा कायदा नाही, सुरुवातीची जागा आहे. अंदाजासाठी सांगतो: 18 टक्के करडा रेक 709 मध्ये सुमारे 420 वर बसतो. सावळ्या माणसाला ओढून 620 वर नेलंत तर चेहरा राखेसारखा फिका पडतो. आपल्याकडच्या लग्नाच्या व्हिडिओंत हे सर्रास दिसतं, ते टाळा. केसांचा काळा 20 ते 60 च्या दरम्यान असू द्या, अगदी 0 ला चिकटवू नका.

वर सपाट रेघ दिसली तर Gain कमी करून बघा. रेघ उलगडून कापडाच्या घड्या दिसू लागल्या तर माहिती शिल्लक होती. तशीच सपाट राहून खाली सरकली तर ती कॅमेऱ्यातच गेली, ती परत येणार नाही.

रंगासाठी मी आधी लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा Parade बघतो, व्हेक्टरस्कोप नंतर. समजा मंडपात पिवळ्या कापडाखाली कोणीतरी पांढरा, हळद न लागलेला सदरा घालून बसलंय. तिथे विंडो लावल्यावर लाल 790, हिरवा 760, निळा 610 आला. म्हणजे उजेड पिवळा आहे. आता केस बघा. तिथे तिन्ही रंग तळाशी जवळपास समान असतील तर फरक फक्त वरच्या भागात आहे, म्हणून निळ्याचा Gain वाढवा. केसांतही निळा तेवढाच खाली असेल तर Offset हलवा. हे न बघता Offset ढकललं की सदरा पांढरा होतो आणि केस निळे.

इथे निळा पूर्ण 790 पर्यंत नेऊ नका. मंडपाचा उजेड खरोखरच पिवळा होता. तो पुसून टाकला तर मागे दिसणारं अंगण निळं पडतं आणि हळदीचा मूडही जातो. निळा लालपेक्षा 30-40 ने खाली ठेवला की पांढरं पांढरं वाटतं आणि ऊबही राहते. हा निर्णय स्कोप घेत नाही, तुम्हालाच घ्यायचा असतो. आणि पूर्ण फ्रेमच्या Parade मध्ये निळा चॅनल खाली दिसला म्हणून घाबरून वर ओढू नका. पिवळं कापड म्हणजेच लाल-हिरवा वर आणि निळा खाली.

आता नवरी गुलाबी का होते. व्हेक्टरस्कोपवरची स्किन टोनची रेषा लाल आणि पिवळ्याच्या मधून जाते. त्वचा गोरी असो वा सावळी, तिचा रंग या रेषेच्या आसपास पडतो, कारण तो मुख्यतः रक्त आणि मेलॅनिन यांतून येतो. पण तुमच्या नवरीच्या चेहऱ्यावर हळदीचा लेप आहे. तिथे स्कोप हळद मोजतोय, त्वचा नाही. तो पट्टा रेषेवरून पिवळ्याकडे झुकलेला असणं हेच बरोबर. त्याला ओढून रेषेवर आणलं की अख्खं चित्र लालसर होतं आणि शेजारच्या करवलीची मान किरमिजी दिसते. म्हणून मोजायचं ते हळद न लागलेल्या त्वचेवर: अजून हात न लावलेली मावशी, कोणाचा दंड, कानामागचा भाग. तो पट्टा रेषेवर किंवा किंचित पिवळ्याकडे पडला की पुरे. झूम न करता तो केंद्रापासून कडेच्या अंतराच्या पाव ते तृतीयांशाच्या आत राहिला तर रंगाची मात्रा ठीक आहे. अर्ध्याच्या जवळ गेला की टीव्हीवर तुम्ही सांगता तो नारिंगी चेहरा.

व्हेक्टरस्कोपला उजेड कळत नाही, हे विसरू नका. काळपट पिवळा आणि झगझगीत पिवळा एकाच ठिकाणी पडू शकतात.

पिवळ्या साडीचं वेगळं बघा. Parade मध्ये निळा चॅनल 0 वर सपाट झोपला असेल तर तिथे घड्या पुसल्या जाऊन साडी प्लास्टिकसारखी दिसते. Hue vs Sat मध्ये फक्त पिवळा थोडा खाली घ्या, निळ्यात पुन्हा पोत दिसेपर्यंत. संध्याकाळी डीजेचे निळे एलईडी आले की उलटं होतं: निळा 1023 ला आदळलेला असतो, पण साध्या ल्युमा वेव्हफॉर्मवर पत्ता लागत नाही, कारण रेक 709 मध्ये ल्युमात निळ्याचा वाटा जेमतेम 7 टक्के आहे. अशा ठिकाणी Parade शिवाय निर्णय घेऊ नका.

स्कोप काय सांगत नाही? दोन शॉट जोडल्यावर डोळ्याला खटका बसतो का, चित्र जड वाटतं का, हे नाही. त्यासाठी एक चांगला जमलेला शॉट Gallery मध्ये स्टिल म्हणून ठेवा आणि बाकीचे त्याच्याशी वाइप करून ताडा. दोन्ही एकाच पडद्यावर असल्याने पडद्याची चूक दोघांना सारखीच लागते, फरक मात्र खरा दिसतो.

शेवटी 20 सेकंदांचा तुकडा एक्स्पोर्ट करून परत त्याच टाइमलाइनवर, ग्रेड न लावता आणा आणि चेहऱ्याचे आकडे जुळतात का बघा. जुळत असतील तर फाइल बरोबर आहे. मग पार्टीकडचा टीव्ही तपासा. तो Vivid वर असेल तर उरलेला नारिंगीपणा टीव्हीचा आहे. Movie किंवा Cinema मोडवर लावून मगच दाखवा.