नाव घे, काम सांग

प्रिय मुली,

बढतीच्या समारंभात करायच्या भाषणाचा तुझा मसुदा वाचला. स्टोअर इन्चार्ज झालीस, त्याचं कौतुक फोनवर झालंच आहे. आता भांडतो.

"आज या क्षणी माझ्या भावना शब्दांत व्यक्त करणे कठीण आहे." हे तू लिहिलंस? गेली सहा वर्षं तुझ्याशी बोलतोय, "व्यक्त करणे" हा शब्द तुझ्या तोंडून एकदाही ऐकला नाही. पाठ केलेलं भाषण ओळखायला पाठांतर कुठे चुकतंय ते बघावंच लागत नाही. रोज "झालंय, आलाय" म्हणणारं माणूस माइक हातात आला की "झाले आहे, आला आहे" म्हणायला लागतं, तिथेच मागच्या रांगेला कळतं की आता कागद सुरू झाला. पुढे "टीमच्या अथक परिश्रमांमुळे" आणि "माझी टीम म्हणजे माझं कुटुंब". अगं, ही वाक्यं पेंट शॉपच्या सुपरवायझरलाही चालतील, मग ती तुझ्या माणसांची कशी?

नाव घे आणि त्या नावाचं एक काम सांग. बस.

गंमत म्हणजे हे तू आधीच केलंयस. परवा फोनवर ऑडिटची गोष्ट सांगितलीस, आठवतं? सिस्टिममध्ये बेअरिंग चारशे, रॅकवर तीनशे साठ, आणि सकाळी आठला ऑडिटर दारात. तो नवा मुलगा रात्री अकरापर्यंत थांबला, रॅक पुन्हा मोजले, आणि लाइनवरून बिनास्लिपचा परत आलेला खोका शेवटच्या रॅकखाली सापडला. चाळीस बेअरिंग. हे सांगताना तू एकदाही अडखळली नाहीस, कारण पाठ करायला त्यात काही नव्हतंच. घडलेलं आठवायचं असतं, पाठ करायचं नसतं.

म्हणून उभी राहा आणि एवढंच बोल: "मला बढती मिळालीय, पण ऑडिटच्या आदल्या रात्री चाळीस बेअरिंग सापडली नसती तर आज इथे नसते. ती मी नाही शोधली." मग त्याचं नाव. तिथे थांब. लोक माना वळवून त्याच्याकडे बघतील. नाही वळल्या तर समज, काम सांगायचं राहिलं, नुसतं नाव घेतलंस.

अशी तीनच माणसं. दीड मिनिट होतं. चौथं नाव घेतलंस की पाचवा वाट बघायला लागतो, आणि यादी सुरू झाली की लोकांचं लक्ष कोण राहिलं याकडे जातं. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागेवर जाऊन भेट. तिघांत एक तरी कंत्राटी असू दे. त्यांचं नाव माइकवर कोणी घेत नाही.

हे मी शिकवतोय, पण मी स्वतः काय केलं होतं? असिस्टंट मॅनेजर झालो तेव्हा कागदावरून बावीस नावं वाचली, डायरेक्टरपासून पदाच्या क्रमाने. टूलरूमचे मामा राहिले. पावसाळ्यातल्या एका रात्री डायचा पंच चिरफळला होता. मामांनी तो ग्राइंड केला, कमी झालेली उंची खाली शिम घालून भरून काढली आणि पहाटे प्रेस चालू करून दिला. त्या प्रेसमुळे जो डिस्पॅच गेला, त्यावरच माझी बढती झाली होती. दुसऱ्या दिवशी मामा नेहमीसारखे चहाला आले, काही बोलले नाहीत. मीही नाही. साहेब समोर बसलेले, यादी एचआरने टाइप करून दिलेली, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खोटंही नव्हतं ते. पण कागद हातात नसता तर पहिलं नाव मामांचंच आलं असतं, याची मला खात्री आहे.

तेव्हा पाठ करायचंच तर पहिलं वाक्य कर, कारण पाय तिथे लटपटतात, आणि शेवटचं कर, नाहीतर थांबता येत नाही. मधली तीन नावं तळहातावर लिही. गाडीवर येता-जाता मोठ्याने बोलून बघ. दर वेळी शब्द थोडे वेगळे आले तर उत्तम. तेच शब्द तिसऱ्यांदा आले तर दोन दिवस सोडून दे.

ज्याची बढती हुकली त्या तुझ्या सीनियरचं कौतुक माइकवरून करू नकोस, त्याला ते लागेल. त्याला आधी एकटं गाठ.

आणि त्या मुलालाही आदल्या दिवशी विचार, ही गोष्ट सांगू का म्हणून. बिनास्लिपचा खोका त्यानेच ठेवला असेल तर भर सभेत त्याची पंचाईत होईल. विचारशील तेव्हा आडनावही नीट विचारून घे. फोनवर तू मला दोनदा दोन वेगळी सांगितलीस.

तुझा,
काका